नकाराधिकार किती, हा प्रश्नच चुकीचा

एखाद्या घरगुती कंपनीतले भांडण चव्हाट्यावर आले की बाहेरून पैसे घातलेल्या छोट्या भागीदाराच्या हक्कांवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पंधरा टक्क्यांचा मालक पंच्याऐंशी टक्क्यांना वेठीस धरतो, सही अडवतो, धंदा बुडवतो. दुसरा म्हणतो, एवढे पैसे घातल्यावर प्रत्येक मोठ्या निर्णयावर नकाराधिकार हवाच. मग शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंटमधली राखीव विषयांची, म्हणजे गुंतवणूकदाराच्या संमतीशिवाय करता न येणाऱ्या निर्णयांची, यादी बारा कलमांची असावी की चाळीस, यावर वकिलांचे तास खर्ची पडतात. दोन्ही बाजू चुकीच्या पानावर भांडत आहेत, असे माझे मत आहे. राखीव विषयांची यादी निम्मी झाली तरी गुंतवणूकदाराचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते करारात मागे राहिलेल्या चार कलमांनी: कोंडी झाली तर काय, बाहेर पडायचे कसे, बहुमताने विकायचे ठरवले तर आपल्याला ओढून नेता येते का, म्हणजे ड्रॅग, आणि प्रवर्तकाने स्वतःपुरते विकले तर आपल्याला मागोमाग विकता येते का, म्हणजे टॅग. आपला शेअर कोण, केव्हा आणि कोणत्या भावाने विकायला लावू शकतो याचे उत्तर या चौघांत मिळून असते. ती सुटी सुटी वाचली तर चारही ठीक वाटतात. एकत्र वाचली तर बरेचदा एक दुसऱ्याला खाऊन टाकते.

हवेत बोलण्यापेक्षा एक नमुना घेऊ. चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक काल्पनिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. दोन भाऊ प्रवर्तक, दोघांचे मिळून 60 टक्के. एका फंडाने 10 कोटी घालून 25 टक्के घेतले, तेही सक्तीने इक्विटीत रूपांतरित होणाऱ्या प्रेफरन्स शेअरमध्ये. सोबत एक अट: कंपनी विकली तर आधी आमचे 10 कोटी किंवा आमच्या टक्केवारीचे पैसे, यांपैकी जास्त असेल ते. आपला गुंतवणूकदार तिसरा. त्याने त्याच किमतीने 6 कोटी घालून 15 टक्के घेतले, पण साध्या इक्विटीत. म्हणजे कंपनीची किंमत 40 कोटी धरली गेली. त्याच्या हातात सत्तर पानांचा करार आहे, राखीव विषयांची यादी भरगच्च आहे, आणि टॅग, ड्रॅग, एक्झिट ही तिन्ही मथळ्याची कलमे जागच्या जागी आहेत. यादीवर टिकमार्क करणारा वाचक इथे समाधानाने पान मिटतो.

आधी कोंडीचे कलम. 15 टक्केवाल्याशी कोंडी होते ती फक्त त्याच्या नकाराधिकारामुळे. भावांना आपल्याच दुसऱ्या फर्मची शेड वाढीव भाड्याने कंपनीला द्यायची आहे, संबंधित पक्षाशी व्यवहार म्हणून तो राखीव विषय आहे, गुंतवणूकदार नाही म्हणतो. इथपर्यंत नकाराधिकाराने काम केले. आता पुढचे कलम वाचा: तीस दिवस चर्चा, तीस दिवस मध्यस्थी, तरीही तोडगा न निघाल्यास कोणताही पक्ष एक भाव सांगून नोटीस देईल आणि दुसऱ्याने 45 दिवसांत त्या भावाने एक तर आपले शेअर विकावेत किंवा समोरच्याचे विकत घ्यावेत. ऐकायला हे फार न्याय्य वाटते. भाव सांगणाराच त्याच भावात विकला जाऊ शकतो, म्हणजे तो वाजवी भाव सांगेल, असा युक्तिवाद. पन्नास-पन्नास टक्क्यांच्या, सारख्या ऐपतीच्या भागीदारांत तो पुष्कळसा खराही आहे. पण आपल्या नमुन्यात आकडे घालून पाहा. भावांनी कंपनीची किंमत 20 कोटी धरून नोटीस दिली. गुंतवणूकदाराने विकायचे ठरवले तर 6 कोटींच्या जागी 3 कोटी हातात. विकत घ्यायचे ठरवले तर 60 टक्क्यांचे 12 कोटी 45 दिवसांत उभे करायचे, बँकेला दिलेल्या भावांच्या वैयक्तिक हम्या सोडवायच्या, आणि नंतर कारखाना चालवायला माणूस शोधायचा, कारण गिऱ्हाईक कंपन्यांशी संबंध भावांचे आहेत. दोन्ही बाजूंना सारखाच पर्याय दिल्याचे कागदावर दिसते, पण तो वापरता येतो एकालाच. शेडच्या भाड्यावर नाही म्हणण्याची शिक्षा म्हणून तीन कोटी गेले. थोडक्यात, ज्या नकाराधिकारासाठी गुंतवणूकदार भांडला तोच प्रवर्तकाच्या हातातला स्वस्तात खरेदीचा परवाना झाला.

याचा सौम्य अवतार जास्त आढळतो: कोंडी न सुटल्यास प्रवर्तकाला ‘रास्त मूल्याने’ खरेदीचा हक्क. मग व्याख्यांचे पान काढावे लागते. रास्त मूल्य ठरवणार कोण? कंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक असेल, तर त्याची नेमणूक बहुमताच्या हाती आहे. आणि ठरवणार कसे? व्याख्या गप्प असेल तर मूल्यांकनकार छोट्या हिश्श्याला नियंत्रण नाही म्हणून एक सूट आणि बाजारात विकता येत नाही म्हणून दुसरी सूट लावू शकतो, आणि त्याच्या पोथीप्रमाणे ते चूकही नाही. 40 कोटींच्या कंपनीतले 15 टक्के म्हणजे 6 कोटी. एकत्रित सूट 25 टक्के लागली तर साडेचार. म्हणून व्याख्येत एक वाक्य लागते: संपूर्ण कंपनी एका स्वेच्छेने खरेदी करणाऱ्याला विकली तर जी किंमत येईल तिचा टक्केवारीने वाटा, अल्पांश हिस्सा किंवा विक्रीयोग्यता यांबद्दल कोणतीही सूट न लावता. मूल्यांकनकार दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेल्या तीन-चार फर्मच्या यादीतून, आणि ती यादी कराराच्या परिशिष्टात. हे वाक्य मिळवण्यासाठी राखीव यादीतले दहा विषय सोडावे लागले तरी सौदा फायद्याचा आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. नकाराधिकार आणि त्यापुढे काहीच नाही, असा करार कंपनीला खरोखर मारू शकतो. पगाराला पैसे नाहीत, नवा गुंतवणूकदार कमी भावाने पैसे द्यायला तयार आहे, आणि 15 टक्केवाला आपला हिस्सा पातळ होतो म्हणून सही अडवून बसला आहे. असे होते, आणि तिथे प्रवर्तकाचा संताप रास्त आहे. बैठकीला मुद्दाम गैरहजर राहून कोरम मोडणे हाही प्रकार चालतो. पण या मुद्द्यातून ‘म्हणून बहुमताला खरेदीचा हक्क द्या’ हे कसे निघते? कोंडीतून निघण्याचा मार्ग विषयानुसार वेगळा असायला हवा. बहुतेक राखीव विषयांत कोंडीचा परिणाम साधा असावा: प्रस्ताव पडला, जसे होते तसे चालू राहील. शेडचे भाडे वाढले नाही तर कंपनी मरत नाही. वार्षिक अंदाजपत्रक अडले तर मागच्या वर्षीचे अधिक ठरावीक टक्के वाढ आपोआप लागू. आणि पैशाची खरी निकड असेल तर सर्वांना टक्केवारीने हक्कभाग देऊ करायचा, भाव स्वतंत्र मूल्यांकनकाराने ठरवायचा, ज्याला पैसे घालायचे नाहीत त्याचा हिस्सा पातळ होईल. यात गुंतवणूकदाराला कंपनी अडवता येत नाही आणि प्रवर्तकाला शेअर हिसकावता येत नाहीत.

कोरमच्या खेळीलाही उत्तर आहे, फक्त ते दोन्ही बाजूंनी वाचावे लागते. कंपनी कायद्याच्या कलम 174 नुसार कोरमअभावी संचालक मंडळाची सभा झाली नाही आणि नियमावलीत वेगळे काही नसेल तर ती पुढच्या आठवड्यात त्याच वारी भरते. बरेच करार पुढे म्हणतात की या तहकूब सभेत जे हजर असतील तोच कोरम. मग गुंतवणूकदाराचा संचालक परदेशात असताना दोन आठवड्यांत नकाराधिकार संपतो. तहकूब सभेत राखीव विषय घेता येणार नाही, त्यासाठी लेखी संमतीच लागेल, एवढी ओळ पुरते. त्या बदल्यात पंधरा दिवसांत लेखी हो किंवा नाही न कळवल्यास संमती धरली जाईल, हे गुंतवणूकदाराने मान्य करावे. मौनाने कंपनी अडवण्याचा हक्क कुणी मागूच नये.

बाहेर पडण्याच्या कलमाकडे येऊ. त्यात ठरलेली वाक्ये असतात: पाच वर्षांत प्रवर्तक व कंपनी आयपीओ, त्याच धंद्यातल्या मोठ्या कंपनीला विक्री किंवा बायबॅक, म्हणजे कंपनीनेच शेअर परत विकत घेणे, यांपैकी एखाद्या मार्गाने बाहेर पडण्याची संधी देण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करतील. सर्वतोपरी प्रयत्न केले नाहीत हे सिद्ध करून किती नुकसान झाले याचा आकडा कोर्टात काढणे किती अवघड आहे, याचा विचार सहीच्या वेळी कुणी करत नाही. बायबॅकचा आधार तर बऱ्याचदा आकड्यांतच कोसळतो. नमुन्यातली कंपनी सहाव्या वर्षी 60 कोटींची झाली, गुंतवणूकदाराचे 15 टक्के 9 कोटींचे झाले असे धरा. भरणा झालेले भांडवल 2 कोटी आणि शेअर प्रीमियमसह मुक्त राखीव निधी 22 कोटी. कलम 68 नुसार विशेष ठरावानेही या दोहोंच्या बेरजेच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त बायबॅक करता येत नाही, म्हणजे 6 कोटी. पुढचा बायबॅक एक वर्षानंतर. बायबॅकनंतर कर्ज हे भांडवल व मुक्त राखीव निधीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. त्यात भागधारकांकडून शेअर घ्यायचे असतील तर प्रस्ताव सगळ्यांना टक्केवारीने जातो. बाकीच्यांनी नकार दिला तरच आपला पूर्ण हिस्सा निघतो, आणि तो नकार ते देतील असे आधी लिहून घेतलेले नसते. कंपनीची नियत कितीही साफ असली तरी हे कलम 9 कोटी देऊच शकत नाही.

म्हणून जबाबदारी कंपनीवर न ठेवता प्रवर्तकांवर व्यक्तिशः ठेवावी लागते, आणि शब्द नेमके लागतात. टाटा आणि जपानच्या डोकोमोचे प्रकरण इथे आठवावे. 2009 च्या कराराने डोकोमोला हक्क होता की ठरावीक कामगिरी न झाल्यास रास्त मूल्य किंवा मूळ भावाच्या निम्मे, यांपैकी जास्त भावाला आपले शेअर विकले जावेत. 2014 मध्ये त्यांनी तो बजावला तेव्हा निम्मा भाव सुमारे 58 रुपये होता आणि रास्त मूल्य त्याच्या निम्म्याहूनही कमी. रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली, कारण परकीय गुंतवणूकदाराला आधीच ठरलेल्या भावाने बाहेर काढणे नियमांत बसत नव्हते. तरीही लंडनच्या लवादाने 2016 मध्ये सुमारे 1.17 अब्ज डॉलरची भरपाई दिली आणि एप्रिल 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अंमलात आणायला मान्यता दिली. कशाच्या जोरावर? करारात टाटांवर ‘त्या भावाचा ग्राहक शोधून देण्याची’ जबाबदारी होती. ती पार पाडली नाही म्हणून मिळाली ती शेअरची किंमत नसून करारभंगाची भरपाई, असे लवादाने धरले. कलमात नुसते ‘कंपनी शेअर परत घेईल’ असते तर? परदेशातून नातेवाइकांच्या कंपनीत पैसे घालणाऱ्या मराठी मंडळींनी हे मुद्दाम पाहावे. पैसे परत परदेशी नेण्याच्या हक्कासह केलेल्या गुंतवणुकीत हमीचा परतावा आजही चालत नाही. परत न नेण्याच्या अटीवरची गुंतवणूक देशी धरली जाते. कोणत्या खिडकीतून पैसे आत येतात यावर बाहेर पडण्याचा भाव ठरतो.

भाव ठरवण्याची रीत न लिहिल्यास काय होते, त्याचे उदाहरण आपल्याच साताऱ्याचे आहे. महाराष्ट्र स्कूटर्स ही राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाची आणि बजाज ऑटोची संयुक्त कंपनी होती. महामंडळाचे 27 टक्के, बजाजचे 24. करारात पहिल्या खरेदीचा हक्क होता, पण भावाबद्दल एवढेच की तो परस्पर संमतीने किंवा लवादाने ठरेल. 2003 मध्ये महामंडळाने विकायचे काढले. 2006 मध्ये लवादाने 151 रुपये 63 पैसे भाव ठरवला. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवाडा रद्द केला, 2015 मध्ये खंडपीठाने तो पुन्हा उभा केला, आणि सर्वोच्च न्यायालयात विषय मिटायला 2019 उजाडले. वकील दोन्हीकडे उत्तम होते, कागदपत्रे होती, हक्कही होता. तरी सोळा वर्षे. पंधरा टक्केवाल्याच्या वारसांना हे परवडेल का?

प्रवर्तक म्हणतील, वैयक्तिक जबाबदारी घेऊन आम्ही घरदार गहाण टाकायचे काय? हा आक्षेप मला मान्य आहे. चाकणच्या दोन भावांकडे 9 कोटी रोख नसतात, आणि त्यांना दिवाळखोर करून गुंतवणूकदाराच्याही हाती काही लागत नाही. मधला रस्ता असा: सहाव्या वर्षाच्या शेवटापर्यंत बाहेर पडणे झाले नाही तर गुंतवणूकदार मर्चंट बँकर नेमून फक्त आपला हिस्सा विकायला काढू शकेल, कंपनीने खरेदीदाराला कागदपत्रे आणि कारखाना दाखवलाच पाहिजे, विक्रीवरचे इतर निर्बंध त्या काळापुरते उठतील, आणि त्या विक्रीत आलेल्या किमतीला तीस दिवसांत खरेदीचा हक्क दोन्ही भावांना राहील. यातला ‘कागदपत्रे दाखवलीच पाहिजेत’ हा तुकडा लोक विसरतात. ड्यू डिलिजन्स होऊ दिले नाही तर शेअर विकण्याचा हक्क असून नसल्यासारखा, आणि प्रवर्तकाला तेवढेच पुरते.

ड्रॅग-अलाँगवर सगळ्यात जास्त वाद होतो आणि सगळ्यात कमी गणित होते. ओढून नेण्याचा हक्क मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. खरेदीदाराला शंभर टक्के हवे असते; 15 टक्केवाला अडून बसला तर सगळ्यांचाच सौदा जातो. हक्क असावा. पण ‘समान भावाने व समान अटींवर’ या शब्दांवर विसंबू नये. आपल्या कंपनीत 75 टक्क्यांच्या संमतीने ड्रॅग होतो असे करारात आहे. भाऊ आणि फंड मिळून 85. चौथ्या वर्षी धंदा मंद, 30 कोटींचा खरेदीदार आला. 15 टक्के म्हणजे साडेचार कोटी, असे गुंतवणूकदार मनाशी धरतो. पण फंड आधी आपले 10 कोटी घेतो, कारण 30 चे 25 टक्के साडेसातच होतात. उरले 20, ते 60 आणि 15 मध्ये वाटले की गुंतवणूकदाराचे 4. आता खरेदीदार आणि भाऊ यांच्यात ठरते की 30 पैकी 6 कोटी भावांना स्पर्धा न करण्याबद्दल द्यायचे आणि शेअरची किंमत 24 धरायची. फंडाचे 10 तसेच. उरले 14, त्यातले गुंतवणूकदाराचे 2 कोटी 80 लाख. भावांना एकूण 17 कोटी 20 लाख, आधीच्या हिशेबाने मिळणाऱ्या 16 पेक्षा जास्त. त्यात नंतर निघणाऱ्या दाव्यांसाठी रकमेचा 15 टक्के भाग दीड वर्ष एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात: 42 लाख अडकले. हातात 2 कोटी 38 लाख, आणि करारातली ‘समान भाव’ ही अट तंतोतंत पाळलेली.

या गणितात लक्ष वेधून घ्यावे असे पात्र फंडाचे आहे. छोटा गुंतवणूकदार समजतो, फंड व्यावसायिक आहे, तो भावांवर नजर ठेवील, आपण त्याच्या आडोशाला बसू. पण 24 असो की 30, फंडाला 10 कोटीच मिळतात. स्पर्धा न करण्याच्या 6 कोटींशी त्याला देणेघेणे नाही; उलट सौदा लवकर व्हावा यात त्याचे हित. पहारेकरी झोपलेला नाही, त्याची तिजोरी वेगळी आहे. म्हणून ड्रॅगला लागणाऱ्या संमतीत प्रवर्तक आणि फंड सोडून उरलेल्या साध्या शेअरधारकांच्या बहुमताची अट मागून पाहावी. बहुधा मिळणार नाही, कारण त्याने पुन्हा नकाराधिकारच येतो. त्याऐवजी मिळण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली, प्रवर्तकांना कोणत्याही नावाने मिळणारी रक्कम शेअरच्या किमतीतच धरली जाईल. अपवाद फक्त प्रत्यक्ष नोकरीच्या बाजारभावाच्या पगाराचा. दुसरी आणि मोलाची, फंडाच्याच वर्गाचे शेअर घेणे. गुंतवणूकदाराचे 6 कोटीही फंडाच्या 10 बरोबर आधी निघत असते तर 24 कोटींच्या वाईटातल्या वाईट सौद्यातही त्याचे 6 परत आले असते. नकाराधिकारांची चाळीस कलमे एकत्र करूनही तेवढे संरक्षण देत नाहीत.

किमान भावाच्या मागणीवर मात्र प्रवर्तकांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. ‘दीडपटीपेक्षा कमी भावाला ड्रॅग नाही’ अशी कायमची अट असेल तर घसरत्या कंपनीची योग्य वेळी विक्रीच होत नाही आणि सगळे शून्यावर येतात. अट वर्षांशी बांधावी: पहिली तीन वर्षे मूळ किमतीच्या खाली ड्रॅग नाही, पुढे स्वतंत्र मूल्यांकनाच्या खाली नाही. मोबदला रोख किंवा नोंदणीकृत बाजारात विकता येणारे शेअर; खरेदीदाराच्या नव्या खासगी कंपनीचे शेअर गळ्यात मारले तर ती विक्री नव्हे. आणि ओढून नेलेल्या माणसाने धंद्याबद्दल हमी देऊ नये. कारखान्याचा जुना कर थकला होता हे त्याला कसे माहीत असणार? शेअर माझे आहेत, त्यावर बोजा नाही, विकण्याचा मला अधिकार आहे, एवढ्या तीन हम्या; जबाबदारी ज्याची त्याची, आणि मिळालेल्या रकमेपुरतीच.

ड्रॅगसोबत एक अपरिवर्तनीय कुलमुखत्यारपत्र सही करून घेतात, म्हणजे तुम्ही हजर नसला तरी शेअर हस्तांतरित होतील. शेअर कागदी होते तेव्हा हस्तांतरणाच्या एसएच-4 फॉर्मवर सही लागे. आता छोट्या कंपन्या वगळता प्रायव्हेट कंपन्यांनाही डीमॅट सक्तीचे झाले आहे, त्यामुळे हे मुखत्यारपत्र तुमच्या डीमॅट खात्यापर्यंत पोचते. ते फक्त ड्रॅगपुरते, पैसे तुमच्या बँक खात्यात किंवा एस्क्रोत जमा झाल्यावरच वापरता येईल, असे त्यातच लिहिलेले असावे. मूळ करारात आहे एवढ्यावर थांबू नये, कारण तुमचे डीमॅट खाते सांभाळणारा डिपॉझिटरी पार्टिसिपंट मूळ करार वाचत नाही.

टॅग-अलाँग त्या मानाने सरळ आहे, फक्त दोन फटी बुजवाव्या लागतात. टक्केवारीने टॅग म्हणजे काय ते पाहा: खरेदीदाराला भावांकडून 40 टक्के हवेत, फंड बाजूला राहिला, तर 60 ला 15 या प्रमाणात गुंतवणूकदाराचे 8 टक्के विकले जातात आणि 7 टक्के अनोळखी नव्या मालकाखाली अडकतात. त्यातच करारात बहुधा कुठेतरी असते की 10 टक्क्यांखाली गेल्यास गुंतवणूकदाराचे विशेष हक्क संपतात. म्हणून नियंत्रण बदलत असेल तर पूर्ण हिस्सा विकण्याचा टॅग हवा. दुसरी फट ‘हस्तांतरण’ या व्याख्येत. भावांचे 60 टक्के त्यांच्या होल्डिंग कंपनीत असतील आणि त्यांनी होल्डिंग कंपनीच विकली, तर चाकणच्या कंपनीचा एकही शेअर हललेला नसतो. वरच्या पातळीवरची विक्री, कुटुंब ट्रस्टमध्ये टाकून नंतर ट्रस्टचे लाभार्थी बदलणे, तारण ठेवलेले शेअर बँकेने जप्त करणे आणि दर वर्षी थोडे थोडे विकून उंबरठा चुकवणे, हे चारही व्याख्येत आले पाहिजेत.

राहता राहिला सगळ्यात ऐकू येणारा युक्तिवाद: एवढा काथ्याकूट कशाला, जुलूम झाला तर कायदा आहेच. कलम 241 खाली छळ आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे नेता येते, हे खरे. दार किती रुंद आहे ते पाहा. 10 टक्के भांडवल किंवा सभासदांच्या एक दशांश संख्येची अट आहे. सभासद चारच असतील तर 10 टक्क्यांखालचा एकटा माणूसही बसतो, पण ईसॉपचे शेअर पंचवीस कर्मचाऱ्यांना वाटले की ते दार बंद होते आणि उरतो फक्त अट माफ करण्याचा अर्ज. आत गेल्यावरही वाजवी आणि जाचक यांतले अंतर मोठे आहे. टाटा सन्समध्ये शापूरजी पालनजी समूहाचे 18.37 टक्के होते. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छळ मानला नाही, आणि संचालक मंडळावर हिश्श्याच्या प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क ना कायद्याने आहे ना कराराने, असे म्हटले. अठरा टक्के आणि तेवढी ताकद असलेल्या समूहाला जे करारात नव्हते ते कोर्टाने दिले नाही.

आणि करारात असूनही आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, नसेल तर? रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या 1991 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शेअर हस्तांतरणावरचे जे बंधन कंपनीच्या नियमावलीत नाही ते कंपनीवर बंधनकारक नाही. व्होडाफोनच्या 2012 च्या निकालात त्याच्याशी मतभेद दाखवणारी वाक्ये आली, पण तो त्या खटल्याचा मुख्य प्रश्न नव्हता, त्यामुळे जुन्या निवाड्याची सावली अजून आहे. इलाज स्वस्त आहे: कोंडी, बाहेर पडणे, ड्रॅग, टॅग आणि राखीव विषय शब्दशः आर्टिकल्समध्ये उतरवणे. एवढ्यावर थांबणारे मात्र एक गणित विसरतात. आर्टिकल्स विशेष ठरावाने बदलतात, त्याला दिलेल्या मतांत विरोधाच्या तिप्पट मते लागतात, आणि आपल्या कंपनीत भाऊ व फंड मिळून 85 आहेत. 15 टक्केवाला एकटा तो ठराव अडवू शकत नाही. कलम 5 मधील तरतुदीने ही कलमे गुंतवणूकदाराच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत अशी घट्ट करता येतात; प्रायव्हेट कंपनीत त्यासाठी सर्व सभासदांची संमती लागते आणि निबंधकाला कळवावे लागते. सर्वांची संमती मिळवण्याची वेळ पैसे खात्यात जाण्यापूर्वीची. म्हणून पैसे देण्याच्या पूर्वअटींत घट्ट केलेल्या आर्टिकल्सचा मंजूर ठराव आणि निबंधकाकडे भरलेल्या एमजीटी-14 फॉर्मची पावती असावी. नंतरच्या तीस दिवसांत करू, असे म्हणणाऱ्या कंपनीला 6 कोटीही तीस दिवसांनीच द्यावेत.